परिवीक्षाधीन शिक्षकाची विनानोटीस सेवासमाप्ती : करारपत्र मोठे की कायदा ?

जून महिन्यात शाळा उघडल्या की राज्यातील खाजगी शाळांमधून नव्या नेमणुका होतात. नेमणुकीचा आदेश हाती पडतो त्याच दिवशी कित्येक ठिकाणी आणखी एक कागद उमेदवारापुढे ठेवला जातो. तो असतो मुद्रांकाच्या कागदावरील करारपत्राचा. "व्यवस्थापनास वाटेल तेव्हा, कोणतेही कारण न देता व पूर्वसूचना न देता सेवा समाप्त करता येईल आणि त्याबद्दल माझी कोणतीही तक्रार राहणार नाही", अशा आशयाचे वाक्य त्यात हमखास आढळते. नोकरीची निकड असलेला उमेदवार ते न वाचता सही करतो. पुढे वर्ष-दीड वर्षाने "उद्यापासून येऊ नका" असे सांगण्यात आले की, आपणच सही करून दिली आहे, आता बोलण्यासारखे काही उरले नाही, अशी त्याची समजूत होते. ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची आहे हे पाहण्यासाठी महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ या कायद्यातील काही मोजक्या तरतुदी नीट समजून घ्याव्या लागतात. हा अधिनियम व त्याखालील नियम १९८१ साली अंमलात आले. मान्यताप्राप्त खाजगी शाळेस अनुदान मिळत असो वा नसो, तो तिला लागू होतो. "आमची शाळा विनाअनुदानित आहे, आम्हांला तो कायदा लागू नाही" हे उत्तर म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही.

प्रथम एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक असले तरी त्यातील प्रत्येक तपशील अशा प्रकरणांत नेहमी आढळणारा आहे. तालुक्याच्या गावी असलेल्या एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत मराठी व इतिहास शिकविण्यासाठी एका शिक्षिकेची नेमणूक झाली. पद रिक्त होते व ते कायम स्वरूपाचे होते. जाहिरात निघाली, मुलाखती झाल्या. बाई बी. ए., बी. एड. होत्या. १३ जून २०२२ रोजी त्या रुजू झाल्या. नेमणुकीच्या आदेशात दोन वर्षांची परिवीक्षा व दरमहा ३५,००० रुपये वेतन असा स्पष्ट उल्लेख होता. त्याच दिवशी त्यांच्याकडून करारपत्रावर सही घेण्यात आली. त्यात चार कलमे होती. विनानोटीस सेवा समाप्त करता येईल, हे पहिले. परिवीक्षेचा काळ व्यवस्थापनास कितीही वाढविता येईल, हे दुसरे. कोणत्याही न्यायालयात दाद मागणार नाही, हे तिसरे. चौथ्या कलमाबरोबर तारीख न घातलेले राजीनामापत्र सही करून जोडावयाचे होते. दीड वर्ष काम सुरळीत चालले. जानेवारी २०२४ मध्ये वार्षिक स्नेहसंमेलनाच्या वर्गणीवरून सचिवांशी थोडी बोलाचाली झाली. सोमवार, १५ जानेवारी रोजी शिपायाने एक पत्र आणून दिले : "आपले काम समाधानकारक नसल्याने आजपासून आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे." नोटीस नाही, नोटिशीऐवजी वेतन नाही.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. अधिनियमाच्या कलम ५ अन्वये कायम रिक्त पदावर नेमलेल्या पात्र व्यक्तीची परिवीक्षा दोन वर्षांची असते. शिक्षण सेवक म्हणून नेमणूक झाली असल्यास ती तीन वर्षांची असते. हा काळ पूर्ण होताच कर्मचारी कायम झाला असे कायद्यानेच मानले जाते. त्यासाठी व्यवस्थापनाने वेगळा आदेश काढण्याची गरज नाही. मात्र या काळात परिवीक्षाधीन कर्मचाऱ्याचे काम किंवा वर्तणूक समाधानकारक नाही, असे व्यवस्थापनाचे मत झाल्यास त्यास एक महिन्याची नोटीस देऊन, अथवा नोटिशीऐवजी एक महिन्याचे वेतन देऊन, त्याची सेवा समाप्त करण्याचा अधिकार त्याच कलमाच्या पोटकलम (३) ने व्यवस्थापनास दिला आहे.

या पोटकलमातील दोन्ही बाजू नीट ध्यानात घेतल्या पाहिजेत. व्यवस्थापनास अधिकार आहे, हे नाकारता येणार नाही. परिवीक्षा ही पारखण्याची मुदत आहे. नव्या माणसाचे काम जमत नसेल तर त्यास कायम करावेच, असा आग्रह कायदा धरीत नाही. परंतु त्या अधिकाराला जोडून एक अट आहे. नोटीस किंवा वेतन "दिल्यानंतर" सेवा समाप्त करावयाची आहे, अशी ती शब्दयोजना आहे. कलम ४ मधील पोटकलम (६) तर याहून पुढे जाते. अधिनियमाच्या व नियमांच्या तरतुदींना अनुसरून असेल त्याखेरीज कोणत्याही कर्मचाऱ्यास निलंबित, बडतर्फ वा कमी करता येणार नाही, अथवा अन्य कोणत्याही प्रकारे त्याची सेवा समाप्त करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. "अन्य कोणत्याही प्रकारे" हे तीन शब्द महत्त्वाचे आहेत. करारपत्राच्या आधारे केलेली सेवासमाप्ती याच "अन्य प्रकारा"त मोडते.

उदाहरणातील पहिले कलम येथेच गळून पडते. विधिमंडळाने केलेला कायदा, त्याखालील नियम आणि त्यानंतर नेमणुकीचा आदेश किंवा करार, असा हा क्रम आहे. खालच्या पायरीवरील कागद वरच्या पायरीवरील हक्क काढून घेऊ शकत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ अन्वयेही ज्या करारामुळे एखाद्या कायद्याची तरतूद निष्फळ होईल तो करार अवैध ठरतो. हक्काची भर मात्र कराराने खुशाल घालता येते. एखाद्या संस्थेने नेमणुकीच्या आदेशातच एकऐवजी दोन महिन्यांची नोटीस देण्याचे मान्य केले तर तिने तो शब्द पाळला पाहिजे. थोडक्यात, कायद्याने ठरविलेल्या पातळीच्या वर करारास वाव आहे, खाली नाही.

दुसरे कलम परिवीक्षा वाढविण्याचे. कलम ५ मध्ये दोन वर्षांनंतर कर्मचारी कायम झाला असे मानण्याची तरतूद असल्यामुळे परिवीक्षा कराराने लांबविता येत नाही. यातून एक बारीक पण उपयुक्त मुद्दा निघतो. आपल्या उदाहरणातील परिवीक्षा १२ जून २०२४ रोजी संपणार होती. समजा, व्यवस्थापनाने २० मे रोजी महिन्याची नोटीस दिली असती, तर ती १९ जूनला पुरी झाली असती. तोवर दोन वर्षे भरून गेली असती. सेवासमाप्ती परिवीक्षेच्या मुदतीत व्हावयास हवी असल्याने असा आदेश अडचणीत येतो. म्हणूनच अखेरच्या महिन्यात जाणकार व्यवस्थापने नोटिशीऐवजी वेतन देण्याचा मार्ग पत्करतात. कर्मचाऱ्याने आपल्या रुजू दिनांकाची नोंद जपून ठेवावी, ती एवढ्यासाठीच.

तिसरे कलम न्यायालयात न जाण्याचे. करार अधिनियमाच्या कलम २८ नुसार कायदेशीर मार्गाने दाद मागण्यास पूर्ण प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक असतो. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

चौथ्या कलमाविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण प्रत्यक्षात सर्वांत जास्त घात येथेच होतो. तारखेविना घेतलेले राजीनामापत्र कपाटात ठेवून द्यावयाचे आणि वेळ आली की त्यावर तारीख टाकावयाची, ही युक्ती नवी नाही. सेवा समाप्त केली असे म्हटले की नोटीस द्यावी लागते, कामाचे मूल्यमापन दाखवावे लागते. राजीनामा दिला असे म्हटले की यातले काहीच लागत नाही. कायदा करणाऱ्यांना ही युक्ती ठाऊक असावी, कारण कलम ७ मध्ये राजीनाम्याची पद्धत मुद्दाम घालून दिली आहे. कर्मचाऱ्याने राजीनामापत्र दोन प्रतींत तयार करावे, दोन्ही प्रतींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी, अशी ती पद्धत आहे. टपालाची पावती नाही, कर्मचाऱ्याजवळ दुसरी प्रत नाही, सहीची शाई एका काळाची व तारखेची दुसऱ्या काळाची, असे दिसले की राजीनामा स्वेच्छेने दिला होता हे सिद्ध करणे व्यवस्थापनास जड जाते. ज्याच्याकडून असे कोरे पत्र घेतले गेले असेल त्याने त्याच आठवड्यात, "माझ्याकडून नेमणुकीच्या वेळी तारीख नसलेले राजीनामापत्र घेण्यात आले आहे, राजीनामा देण्याचा माझा विचार नाही", एवढे दोन ओळींचे पत्र नोंदणीकृत टपालाने पाठवून पावती जपली, तर पुढचे बरेच काम सोपे होते. नोकरी लागलेल्या आठवड्यातच असे पत्र पाठविण्याचे धैर्य फार थोड्यांना होते, हेही खरे. निदान त्या प्रसंगाची तारीख व हजर असलेल्यांची नावे लिहून ठेवणे तरी कोणासही शक्य आहे.

करारपत्र बाजूला सारल्यावर प्रश्न उरतो तो मूळ आदेशाचा. समजा, व्यवस्थापनाने चूक उमगून १५ जानेवारीच्या पत्रासोबत ३५,००० रुपयांचा धनादेश जोडला असता, तर आदेश निर्दोष ठरला असता काय ? केवळ तेवढ्याने नाही. काम असमाधानकारक आहे हे मत आधाराशिवाय बनविता येत नाही. १९८१ च्या नियमांतील नियम १५ प्रमाणे परिवीक्षाधीन कर्मचाऱ्याच्या कामाचे शाळाप्रमुखाने वस्तुनिष्ठ मूल्यमापन करावयाचे असते व त्याची नोंद ठेवावयाची असते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली महाराष्ट्रातील एका शिक्षण संस्थेच्या प्रकरणात या दोन्हींची सांगड कशी घालावी हे सांगितले. कलम ५ (३) खालील अधिकार व्यवस्थापनाचा आहे आणि समाधान व्हावयाचे ते त्याचेच. परंतु तो अधिकार वापरताना नियम १५ खालील मूल्यमापन विचारात घ्यावे लागते, असा त्या निर्णयाचा आशय आहे. उदाहरणातील शाळेत दीड वर्षात एकही मूल्यमापन झाले नव्हते, मुख्याध्यापकांनी पाठनिरीक्षणाची नोंद केली नव्हती आणि बाईंना एकही उणीव लेखी कळविली नव्हती. अशा वेळी "असमाधानकारक" हा शब्द निराधार राहतो. उलट, सहा-सहा महिन्यांच्या नोंदी असतील, त्यांत वर्गनियंत्रण, अभ्यासक्रमाची पूर्तता यांविषयी प्रामाणिक शेरे असतील आणि ते कर्मचाऱ्यास कळविलेले असतील, तर महिन्याची नोटीस देऊन केलेली सेवासमाप्ती टिकण्यासारखी असते. कर्मचाऱ्याची बाजू घेताना ही गोष्ट लपवून चालणार नाही.

आणखी एक भेद येथे स्पष्ट केला पाहिजे. काम जमत नाही म्हणून सेवा संपविणे वेगळे आणि गैरवर्तणुकीची शिक्षा म्हणून घरी बसविणे वेगळे. पत्रात "वर्गणीच्या रकमेत आपण अफरातफर केली" असे लिहिले असते, तर तो कर्मचाऱ्याच्या चारित्र्यावरील ठपका झाला असता. मग परिवीक्षा असली तरी आरोपपत्र देऊन, नियमाप्रमाणे चौकशी करून व बचावाची संधी देऊनच पुढे जाता आले असते. कित्येकदा पत्र साधे असते आणि खरे कारण मागे दडलेले असते. अशा वेळी न्यायालय शब्दांच्या पडद्यामागे पाहते. अनुप जयस्वाल या भारतीय पोलीस सेवेतील परिवीक्षाधीन अधिकाऱ्याचे प्रकरण या बाबतीत प्रसिद्ध आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोलीस अकादमीत १९८१ साली एका पावसाळी सकाळी काही प्रशिक्षणार्थी कवायतीस उशिरा आले. जयस्वाल यांनी इतरांना चिथावले असे मानून त्यांना, कोणताही आरोप न लिहिता, साध्या आदेशाने सेवामुक्त करण्यात आले. वरकरणी निर्दोष दिसणारा तो आदेश प्रत्यक्षात चौकशीविना दिलेली शिक्षाच आहे, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो रद्द केला. ते प्रकरण सरकारी सेवेतील होते, परंतु आदेशाचे खरे स्वरूप कसे ओळखावे याचा त्यातील विचार अन्यत्रही मार्गदर्शक ठरतो. उदाहरणातील बाईंनी म्हणूनच स्नेहसंमेलनाच्या वर्गणीवरून झालेल्या बोलाचालीची तारीख व त्यानंतर किती दिवसांत पत्र आले हे अपिलात आवर्जून लिहावयास हवे.

दाद मागावयाची ती शाळा न्यायाधिकरणाकडे. कलम ९ खाली आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत अपील दाखल करावे लागते. १५ जानेवारीस पत्र मिळाले असल्याने शेवटचा दिवस १४ फेब्रुवारी २०२४ हा येतो. पुरेसे कारण दाखविल्यास न्यायाधिकरण उशिरा आलेले अपील स्वीकारू शकते, परंतु त्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही. येथे बहुसंख्य कर्मचारी एक चूक करतात. ते शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करतात, पोच घेतात आणि उत्तराची वाट पाहत बसतात. शिक्षणाधिकाऱ्यांकडील अर्जाने अपिलाची मुदत थांबत नाही. तोंडी सांगून शाळेत येण्यास मज्जाव केला असेल तर त्याच दिवशी "मी कामावर हजर होण्यास आले असता मला प्रवेश नाकारण्यात आला" असे पत्र नोंदणीकृत टपालाने पाठवावे. त्यामुळे सेवा केव्हा संपविली याचा पुरावा तयार होतो आणि "त्या स्वतःहूनच येईनाशा झाल्या" या नेहमीच्या बचावालाही उत्तर मिळते.

अपिलासोबत नेमणुकीचा आदेश, रुजू झाल्याचा पुरावा, वेतनाच्या नोंदी, शैक्षणिक पात्रतेची प्रमाणपत्रे व सेवासमाप्तीचे पत्र जोडावे. शक्य असल्यास जाहिरातीचे कात्रणही जोडावे. जाहिरात कशासाठी, असा प्रश्न पडेल. न्यायाधिकरणापुढे पहिला वाद बहुधा नेमणूक कायद्याप्रमाणे झाली होती काय यावरच होतो. पद कायम रिक्त होते काय, उमेदवार पात्र होता काय, आरक्षणाच्या बिंदुनामावलीप्रमाणे ते पद त्याच्या प्रवर्गासाठी होते काय, हे तपासले जाते. कलम ५ चे संरक्षण रीतसर नेमणुकीस आहे. रजेच्या किंवा अन्य तात्पुरत्या जागेवर ठरावीक मुदतीसाठी नेमलेल्यास ते मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली महाराष्ट्रातील एका शिक्षण संस्थेच्या प्रकरणात, नेमणूक स्पष्टपणे तात्पुरती असेल तर ती परिवीक्षेवरील नेमणूक मानता येत नाही, असे म्हटले आहे. आदेशातील "तात्पुरती" आणि "परिवीक्षेवर" या दोन शब्दांपैकी कोणता शब्द आहे हे सही करण्यापूर्वी पाहावयास हवे ते याच कारणासाठी. तात्पुरत्या कर्मचाऱ्यासही नियम २८ प्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा वेतन मिळतेच, पण कामाच्या मूल्यमापनाचा प्रश्न तेथे उपस्थित होत नाही.

आदेश बेकायदेशीर ठरल्यास कलम ११ खाली न्यायाधिकरण कर्मचाऱ्यास पुन्हा कामावर घेण्याचा व थकीत वेतन देण्याचा आदेश देऊ शकते. पुन्हा कामावर घेणे उचित वाटले नाही तर दहा वर्षांहून कमी सेवा असलेल्यास सहा महिन्यांच्या वेतनाइतकी भरपाई देता येते. आपल्या उदाहरणात ही रक्कम २,१०,००० रुपये होते. थकीत वेतन हवे असेल तर मधल्या काळात आपण अन्यत्र नोकरी करीत नव्हतो, हे कर्मचाऱ्याने आपल्या अर्जात स्पष्टपणे सांगावे लागते. तसे सांगितल्यावर उलट सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये याच अधिनियमाखालील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितले व तिला नाकारलेले संपूर्ण थकीत वेतन मिळवून दिले. पोटापाण्यासाठी घरी शिकवण्या घेतल्या असतील तर तेही खरे खरे सांगावे. लपविलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर आली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरील विश्वासही उडतो.

या अधिनियमाचे महत्त्व त्याच्या बाहेर राहिलेल्यांकडे पाहिले म्हणजे कळते. गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षक हा औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ खाली "कामगार" नाही, असा निर्णय दिला. कामगार न्यायालयाचे दार त्यामुळे शिक्षकांस बंद झाले. खाजगी शिकवणी वर्गात शिकविणारास शाळा न्यायाधिकरणाचे दारही उघडे नाही, कारण तो वर्ग म्हणजे मान्यताप्राप्त शाळा नव्हे. त्याच्या बाबतीत करारपत्रच प्रमुख ठरते. त्यात नोटिशीचा काळ लिहिलेला असेल तर तेवढ्या काळाच्या वेतनासाठी दिवाणी दावा करता येतो. परंतु खाजगी मालकाने वैयक्तिक सेवेचा करार मोडला तरी न्यायालय सामान्यतः नोकरी परत देत नाही, नुकसानभरपाईच देते. शाळेतील शिक्षिकेस जे करारपत्र विसरून जाता येते, तेच करारपत्र शिकवणी वर्गातील तिच्या मैत्रिणीने शब्दन् शब्द वाचूनच सही केले पाहिजे.

परिवीक्षाधीन कर्मचाऱ्यास कमी करून काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा घ्यावयाचे आणि परिवीक्षा पहिल्यापासून मोजावयाची, असाही प्रकार आढळतो. कलम ५ च्या पोटकलम (४) ने त्यास आळा घातला आहे. कमी केल्यापासून एक वर्षाच्या आत त्याच शाळेत किंवा त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या शाळेत पुन्हा नेमणूक झाल्यास पूर्वीचा परिवीक्षाकाळ हिशेबात धरावा लागतो. उदाहरणातील बाईंनी १३ जून २०२२ पासून १५ जानेवारी २०२४ पर्यंत एकोणीस महिने सेवा केली होती. समजा, त्यांनी अपील न करता तडजोड केली व जून २०२४ मध्ये त्याच संस्थेच्या शेजारच्या गावातील शाळेत त्या रीतसर रुजू झाल्या, तर त्यांची परिवीक्षा पुरी होण्यास पाचच महिने उरतात. नव्या आदेशात पुन्हा "दोन वर्षे" असे छापलेले असले तरी हिशेब बदलत नाही. मात्र पहिल्या नेमणुकीचा आदेश व सेवासमाप्तीचे पत्र त्यांच्याजवळ असले पाहिजे.